दह्यात मुरवलेलं चिकन बाहेरून पिठूळ आणि आतून चोथा: नेमकं कुठे बिघडतं?

तक्रार दर वेळी एकाच छापाची असते. टिक्का सळईवरून काढताना तुटतो. घास तोंडात घातला की बाहेरचा थर दाताखाली येतच नाही, जिभेवर नुसता पसरतो, आणि मधला भाग मात्र कोरडा लागतो, चावून चावून चोथा होतो. करणाऱ्याला वाटतं की मुरवणं कमी पडलं. पुढच्या खेपेला तो आणखी चार तास वाढवतो, जोडीला चमचाभर कच्ची पपई घालतो, आणि टिक्का आणखी बिघडतो.

मी पुण्यात घरगुती ऑर्डरी घेते. गटारीच्या आधी आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या एकाच प्रश्नावर इतके फोन येतात की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. इथे मुख्यतः बोनलेस चिकनबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त वाट त्याचीच लागते. मटण आणि भाज्यांचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी थोडं.

दही मांसाचं करतं काय

मांसाच्या तंतूंमध्ये जे पाणी असतं ते तंतूंवरच्या विद्युतभारामुळे टिकून राहतं. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, तंतूंमध्ये जागा राहते आणि त्या जागेत पाणी. कोंबडीच्या छातीच्या मांसाचा पीएच साधारण ५.७ ते ५.९ असतो. नीट लागलेल्या ताज्या दह्याचा ४.५ च्या आसपास. दोन-तीन दिवस राहिलेलं, दात आंबवणारं दही ४ पर्यंत उतरलेलं असतं, आणि लिंबाचा रस तर २ ते २.५. हे आकडे जवळजवळ वाटतात, पण पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट वाढलेली असते, हे ध्यानात ठेवायचं.

दह्यातलं लॅक्टिक आम्ल मांसात शिरायला लागलं की पीएच खाली येऊ लागतो. तो ५.२ च्या आसपास आला की तंतूंवरचे भार एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. तंतू एकमेकांना चिकटतात आणि पाणी बाहेर पडतं. म्हणजे आंबवण्याच्या पहिल्या टप्प्यात मांस मऊ होत नाही, उलट सगळ्यात कमी पाणी धरतं. त्याच्याही खाली गेल्यावर भार पुन्हा वाढतो, या वेळी उलट जातीचा, आणि तंतू फुगून सैल होतात. त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजनही फुगतं. मांसातली स्वतःची काही विकरं अशा आंबट वातावरणात जास्त जोर धरतात आणि तंतू थोडे थोडे तोडतात. आपण ज्याला ‘दह्याने मऊ झालं’ म्हणतो ते हे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं तुकड्यात एकाच वेळी सगळीकडे होत नाही. आम्ल बाहेरून आत जातं, आणि फार सावकाश जातं. काही तासांत काही मिलिमीटर, एवढीच त्याची मजल. त्यामुळे सोळा-अठरा तास आंबट दह्यात राहिलेल्या तुकड्याचे तीन भाग पडतात. अगदी बाहेरचा थर पार फुगलेला आणि सुटलेला. त्याच्या आतला थर नेमका त्या ५.२ च्या आसपास अडकलेला, पाणी सोडून बसलेला. आणि गाभा जवळजवळ जसाच्या तसा, ज्याला दह्याचा पत्ताच नाही. शेगडीवर गेल्यावर बाहेरचा थर गळतो, मधला पिळलेल्या फडक्यासारखा कोरडा होतो. ‘बाहेर पिठूळ, आत चोथा’ ही विरोधी वाटणारी दोन लक्षणं एकाच कारणाची आहेत ती अशी. जास्त वेळ ठेवल्याने आतला भाग मऊ होत नाही, फक्त बाहेरचा बिघडलेला थर जाड होतो.

तरीही दही हे मुरवण्यासाठी सगळ्यात सोसणारं आम्ल आहे, हेही खरं. ते घट्ट असतं, त्यात स्निग्धांश असतो, आणि त्याचा आंबटपणा लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या मानाने सौम्य असतो. चूक सहसा एकट्या दह्याची नसते. दह्याच्या जोडीला काय काय घातलं, हे आधी विचारावं लागतं.

आधी दोषी कोण ते ओळखा

कच्चा तुकडा दह्यातून काढा, कागदाने पुसा आणि उजेडात नीट बघा. चांगला मुरलेला तुकडा थोडा फिकट असतो पण त्याची तकाकी टिकलेली असते, बोटाने दाबला तर परत वर येतो. कडा पांढऱ्या, अपारदर्शक, शिजल्यागत दिसत असतील तर ते आम्लाचं काम, आणि बहुतेक वेळा लिंबाचं किंवा व्हिनेगरचं. दोन तुकडे केलेत तर ही पांढरी कड दोन-तीन मिलिमीटरची स्पष्ट दिसते.

पृष्ठभाग पांढरा नाही, पण अंगठ्याने चोळल्यावर चिकट लगदा निघतोय, तर ते विकराचं काम आहे. कच्च्या पपईतलं पपेन आणि ताज्या आल्यातलं तसंच एक विकर प्रथिनांचे धागे सरळ कापतात. लोकांना माहीत नसतं ती गोष्ट ही, की पपेनचा जोर फ्रिजमध्ये कमी असतो आणि मांस तापत असताना, ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे पपई लावलेला तुकडा फ्रिजमधून काढताना ठीक दिसतो आणि शेगडीवर हळूहळू तापताना कोसळतो. मंद आचेच्या ओटीजीमध्ये तर हमखास. शिवाय पपई दह्यातल्या प्रथिनांनाही तोडते, आणि रात्रभरात मसाल्याला कडसर चव येते. ती कडवट चव आली की मला दुसरा पुरावा लागत नाही.

तुकडा मऊही नाही, कोरडाही नाही, पण रबरागत घट्ट आणि हॅमची आठवण करून देणारा झाला असेल, तर मीठ जास्त होतं आणि तास जास्त झाले. आणि सगळं बेताने करूनही तुकडा वातड राहिला असेल, तर दुकानात समोर कापून घेतलेलं चिकन लगेच घरी आणून शिजवलंत का, ते आठवा. कोंबडी कापल्यावर काही तास तिचे स्नायू आखडलेले असतात. त्या अवस्थेत शिजवलं की वातड होणारच, मग दही कितीही लावा. ताजं चिकन आणलं की झाकून चार-सहा तास फ्रिजमध्ये राहू द्यायचं, मग पुढचं बघायचं.

एक पडताळणी मी सगळ्यांना करायला सांगते. मुरवताना एक तुकडा बाजूला ठेवा, त्याला फक्त मीठ आणि तेल लावा, आणि बाकीच्यांबरोबर त्याच आचेवर, तेवढाच वेळ भाजा. तोही कोरडा निघाला, तर मुरवण्याला नावं ठेवू नका. भाजणं जास्त झालंय. माझ्या अंदाजाने ‘कोरडं झालं’ म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

कोथरूडच्या वहिनींचा टिक्का

एका ओळखीच्या वहिनींचं उदाहरण घेते, कारण त्यांच्या एका पातेल्यात सगळ्या भानगडी एकत्र होत्या. मुलाच्या वाढदिवसाला रविवारी दुपारी जेवण. किलोभर ब्रेस्ट, दुकानदाराने अगदी लहान, दोन सेंटिमीटरचे तुकडे करून दिलेले. घरचं तीन दिवसांचं दही पाव किलो, दोन लिंबांचा रस, ताजी आलं-लसूण पेस्ट, दोन मोठे चमचे कच्च्या पपईचा कीस, आणि मीठ अंदाजाने. शनिवारी रात्री नऊला कालवलं, मे महिना, फ्रिजमध्ये आइस्क्रीम-केकची गर्दी म्हणून पातेलं अकरापर्यंत ओट्यावरच. रविवारी दुपारी एकला सळयांवर.

“अहो ताई, रात्रभर ठेवलं की मऊ होतं म्हणतात ना? मग आमचंच का असं झालं?”

“मऊ झालंच की हो वहिनी. इतकं झालं की उरलंच नाही काही!”

त्यांना मी पुढच्या वेळेसाठी एक साधी चाचणी सांगितली. एकाच दुकानातलं, एकाच मापात कापलेलं चिकन तीन काचेच्या वाट्यांत घ्यायचं. मीठ-तिखट तिन्हीत सारखं. पहिल्या वाटीत फक्त ताजं दही, दुसरीत दही आणि लिंबू, तिसरीत दही आणि पपई. तिन्ही झाकून फ्रिजमध्ये. दोन तासांनी, सहा तासांनी आणि सोळा तासांनी प्रत्येक वाटीतला एक तुकडा तव्यावर भाजून खायचा.

दोन तासांनी साध्या दह्याचा तुकडा चांगला होता, जरा घट्टच म्हणावा असा. लिंबाच्या तुकड्याची कड पांढरी पडायला लागली होती. पपईचा तुकडा तव्यावर उलटताना त्याच्या कडा झाऱ्याला लागून आल्या, म्हणजे दोन तासांतच काम तमाम. सहा तासांनी साध्या दह्याचा तुकडा सगळ्यात चांगला लागला. लिंबाचा बाहेरून खडूसारखा कोरडा-पिठूळ व्हायला लागला होता. पपईचा भाजता आला नाही, खिम्यागत पसरला. सोळा तासांनी साध्या दह्याचा तुकडाही उतरणीला लागला होता: आतून खाण्याजोगा, पण बाहेरचा थर विरविरीत आणि चव आंबट. म्हणजे दह्याने एकट्याने जे सोळा तासांत केलं ते लिंबाने सहा तासांत आणि पपईने दोन तासांत केलं होतं, आणि वहिनींनी तिघांना एकत्र सोळा तास दिले होते.

तुकड्याच्या मापाचाही यात हात होता. चार सेंटिमीटरच्या तुकड्यात बाहेरचे तीन मिलिमीटर बिघडले तरी आत बरंच मांस शिल्लक राहतं. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिलिमीटर गेले की मधे जेमतेम चौदा मिलिमीटर… हातात काय उरणार? त्यामुळे टिक्क्यासाठी दुकानात उभं राहून मोठे तुकडे मागून घ्यावेत. ‘बिर्याणी पीस की करी पीस’ एवढंच विचारून दुकानदार सुरी चालवायला लागतो, तेव्हा त्याला थांबवून सांगायचं.

आणि ओट्यावरचे ते दोन तास. दही आहे, आंबट आहे, म्हणजे बाहेर टिकेल, हा समज चुकीचा आहे. दह्याच्या आंबटपणाने कच्च्या कोंबडीतले जंतू मरत नाहीत. शिवाय उबेत दह्यातले जिवाणूही कामाला लागतात, दही आणखी आंबट होतं, आणि तुम्ही हिशेबात धरलेले तास खोटे ठरतात. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कच्चं चिकन एक तासाच्या वर बाहेर नको. फ्रिजमध्येही ते खालच्या खणात झाकून ठेवायचं, म्हणजे गळलं तरी कोशिंबिरीवर गळणार नाही. दाराच्या कप्प्यात तर नकोच, दार उघडझाप होऊन तिथे गारवा टिकत नाही.

मग करायचं कसं

माझं उत्तर एका वाक्यात: रात्री मीठ, दही सकाळी.

मीठ आम्लापेक्षा खोल आणि लवकर शिरतं, आणि ते तंतूंना पाणी धरून ठेवायला मदत करतं. दह्याकडून आपण ज्या रसाळपणाची अपेक्षा करतो तो खरं तर मिठाकडून येतो. दह्याचं काम वरच्यावर: थोडा मऊपणा, मसाला धरून ठेवणारा थर, भाजताना खरपूस रंग आणि ती आंबूस चव. ही दोन कामं वेगळी केली की रात्रभराची सोयही राहते आणि पोतही बिघडत नाही.

एक किलो बोनलेस चिकन, चार सेंटिमीटरचे तुकडे. धुतलं असेल तर अगदी कोरडं पुसून घ्या. त्याला बारीक मिठाचे दोन सपाट चमचे (चहाचा चमचा, म्हणजे साधारण १२ ग्रॅम), काश्मिरी तिखट, हळद आणि दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल चोळून झाकून फ्रिजमध्ये. हे रात्री. आलं-लसूण यात घालत नाही, निदान ताजं आलं तरी नाही. लसूण चालेल. बाटलीतली पेस्ट वापरणार असाल तर बाटलीवर घटक वाचा, तिच्यात बहुतेक वेळा व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे तिचे तासही दह्यातच मोजायचे.

सकाळी चक्का. अर्धा किलो ताजं, अदमुरं म्हणावं इतकं गोडसर दही मलमलच्या फडक्यात बांधून तीनेक तास टांगायचं. उन्हाळ्यात टांगायचं ते फ्रिजमध्ये, चाळणीत ठेवून. बाहेर खुंटीला टांगलेलं दही दुपारपर्यंत आंबतं. साधारण दोनशे-अडीचशे ग्रॅम चक्का निघतो. पाणी गेल्यामुळे आम्लाचा बराच भाग त्याच्याबरोबर जातो, आणि दुसरा फायदा भाजताना कळतो. पातळ दह्यातला तुकडा शेगडीवर आधी पाणी सोडतो आणि त्या पाण्यात उकडतो. रंग येईपर्यंत आत चोथा झालेला असतो. चक्का तुकड्याला धरून राहतो आणि लवकर खरपूस होतो. श्रीखंडासाठी दुकानात तयार चक्का मिळतो तोही चालेल, पण चाखून घ्या. जीभ आकसली तर त्यात दोन चमचे साय फेटा.

चक्क्यात मंद आचेवर खमंग भाजलेलं बेसन दोन मोठे चमचे, ताजी आलं-लसूण पेस्ट दोन मोठे चमचे, गरम मसाला, चुरलेली कसुरी मेथी आणि आणखी एक चमचा तेल. मीठ आता नाही. रात्री ठेवलेल्या चिकनला सुटलेलं पाणी ओतून टाकायचं आणि मग हे कालवायचं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकतं हे आपल्याकडे सांगावं लागत नाही, पण अल्युमिनियमच्या डब्यात रात्रभर ठेवणारे अजून भेटतात.

इथून चार तास उत्तम, सहा तास चालतील. ब्रेस्टला आठच्या पुढे मी नेत नाही. लेग बोनलेस जरा सोशिक असतो, त्याला आठ-दहा तास चालतात. हाडासकट आख्खा लेग पीस, खाचा पाडून, रात्रभर दह्यात राहू शकतो. त्याचं मांस जाड, चरबी आणि कोलॅजन जास्त, आणि आम्ल खाचांतूनच काय ते आत जातं. सुरमईच्या तुकड्यांना वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली, कोलंबीला त्याहून कमी. लिंबू पिळायचं ते ताटात वाढताना. हॉटेलातले आचारी पहिल्या मसाल्यात लिंबू घालतात हे खरं, पण ते वीस-तीस मिनिटांत तुकडे पिळून दुसऱ्या मसाल्यात टाकतात. आपण घरी त्यांचं लिंबू उचलतो आणि त्यांचं घड्याळ विसरतो.

भाजताना आच मोठी, वेळ थोडा. चिकन आत ७४ अंशांना पोहोचलं की उतरवायचं. स्वयंपाकाचा काट्याचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात खुपसून बघा. नसेल तर एक तुकडा मोडा: गुलाबी झाक जाऊन रस स्वच्छ निघाला की पुरे. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट चोथ्याकडे नेतो.

पाहुण्यांनी ऐन वेळी ‘संध्याकाळी येतो’ म्हणून कळवलं आणि चिकन सकाळपासून दह्यात आहे, तर काय? चक्का निपटून काढा, तुकडे कागदाने पुसा, तेल चोळा आणि परत फ्रिजमध्ये ठेवा. आम्लाचा नवा पुरवठा थांबतो, आत शिरलेलं मात्र काम करत राहतं, म्हणून यात तीन-चार तास पदरात पडतात, जास्त नाही. नाहीतर सरळ वेळेवर पूर्ण भाजून घ्या आणि संध्याकाळी कडकडीत गरम करा. अर्धवट भाजून ठेवणं नको, ते धोक्याचं.

आणि आधीच पिठूळ झालेल्या चिकनचा पोत परत आणता येत नाही. त्याला सळईला लावायच्या फंदात पडू नका. पुसून, सुरीने बारीक चिरून, कांदा, कोथिंबीर आणि थोडं बेसन घालून चपटे कबाब थापा आणि तव्यावर मोठ्या आचेवर तळा. पोत मोडलेलाच आहे, मग जिथे मोडलेला पोत चालतो तिथे वापरायचा. फक्त वास आधी घ्या. आंबूस वास ठीक, पण कुबट वास किंवा तार येणारा चिकटा असेल तर कबाबही नको, कचऱ्याची वाट दाखवा. फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं असलं तरी दोन दिवसांच्या वर कच्चं चिकन मसाल्यात ठेवू नये.

मटणाला दही किती कामाचं

मटण चामट राहिलं म्हणून दही वाढवणाऱ्यांसाठी एवढंच: बकऱ्याच्या खांद्याचं किंवा मांडीचं मांस मऊ होतं ते कोलॅजन वितळल्याने, आणि कोलॅजन वितळतं ते ओलसर आचेवर बराच वेळ शिजल्याने. दही काही मिलिमीटरच्या आत जात नाही, मग ते चामटपणा कुठून घालवणार? रात्रभर दही लावून ठेवायला हरकत नाही, मटण तेवढं सोसतं आणि चव सुंदर येते. पण शिजवण्याचा वेळ त्याने वाचत नाही. सकाळी कापलेलं मटण त्याच दिवशी शिजवण्यापेक्षा एक रात्र फ्रिजमध्ये राहू दिलं, तर फरक जास्त पडतो.

भाज्यांना दही उलटं लागू पडतं

चिकनचा नियम फ्लॉवरला लावून फसलेले लोक शाकाहारी मंडळींत खूप आहेत. भाजीचा कडकपणा प्रथिनांचा नसतो, पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनचा असतो. आणि पेक्टिन आंबट वातावरणात, साधारण ४ च्या पीएचला, सगळ्यात टिकाऊ असतं. म्हणजे दही भाजी मऊ करत नाही, ती मऊ होऊ देत नाही. आपल्या आज्या आमसूल आणि चिंच डाळ-भाजी शिजल्यावर घालायच्या ते याच कारणाने. दह्यात दोन तास मुरवलेला कच्चा फ्लॉवर किंवा बटाटा शेगडीवर करपतो, तरी आत कचकचीत राहतो.

म्हणून फ्लॉवरचे तुरे आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून काढायचे, बटाटा तर पाऊण शिजवूनच घ्यायचा. दोन्ही फडक्यावर पसरून अगदी कोरडे करायचे, मगच चक्का लावायचा. ढोबळी मिरची, कांदा आणि मशरूम यांची अडचण निराळी: मिठाने त्यांना पाणी सुटतं, चक्का पातळ होतो आणि सळईवरून खाली ओघळतो. त्यांच्या मसाल्यात मीठ भाजायच्या ऐन आधी घाला. मुरत ठेवण्याची गरजच नाही, पंधरा मिनिटं पुरतात, कारण मसाला फक्त चिकटायला हवा आहे, आत जायचा नाहीच.

पनीर तर आम्लानेच फाडून केलेलं असतं, दह्याने त्याला आणखी काय होणार? अर्ध्या तासात त्याला चव लागते. चार तास मीठ-दह्यात ठेवलं तर ते पाणी सोडतं, आणि भाजल्यावर कडक, करकरीत होतं. पनीर कोरडं लागत असेल तर मुरवायच्या आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून बघा, दह्याचे तास वाढवू नका.

एक राहिलं. कच्च्या चिकनचा उरलेला चक्का मसाला पुष्कळांना टाकवत नाही, आणि तो भाजलेल्या टिक्क्यावर ब्रशने फिरवला जातो. तसं करायचं नाही. रस्सा करायचा असेल तर तो कांदा-टोमॅटोच्या परतलेल्या मसाल्यात घालून, मोठ्या चमच्याने सतत हलवत खळखळून उकळवा. त्यात आधीच बेसन आहे, त्यामुळे दही सहसा फाटत नाही. ब्रशसाठी लागणारा चक्का कालवतानाच वेगळ्या वाटीत काढून ठेवायचा, चिकनला हात लागायच्या आधी.